कप्तानपद सोडतो, संघ सोडत नाही: कांगा लीगमधल्या एका पत्राचं प्रकरण

रविवारी रात्री सव्वादहाला आमच्या कप्तानाचा फोन आला. "काका, राजीनामा लिहिलाय. ग्रुपवर टाकतो."

"ग्रुपवर टाकू नकोस. मला पाठव आणि झोप."

मी एका लहान क्लबचा चिटणीस. क्लबचं नाव इथे देत नाही, कारण पत्र ज्याचं आहे तो अजून खेळतो. त्याने हे लिहायला परवानगी दिली आणि पत्रही छापू दिलं; नाव तेवढं नको म्हणाला. कप्तानाने राजीनामा देणं मैदानावर नवीन नाही. पण बहुतेक जण राजीनाम्याबरोबर क्लबच सोडतात, नाहीतर दोन रविवार येत नाहीत आणि तिसऱ्या रविवारी दुसऱ्या क्लबच्या तंबूत दिसतात. पद सोडून त्याच संघात खेळाडू म्हणून राहायचं, तेही धावा होत नसताना, हे फार कमी जणांना जमतं. त्याचं पत्र लिहिणं तर त्याहून अवघड. त्या एका आठवड्यात ते पत्र दोनदा लिहिलं गेलं. पहिलं आणि दुसरं यांत काय बदललं आणि का बदललं, तेच इथे सांगतो.

कांगा लीग मुंबईबाहेर फारशी माहीत नाही म्हणून दोन वाक्यं. डॉ. एच. डी. कांगा यांच्या नावाने १९४८ साली सुरू झालेली ही स्पर्धा मुद्दाम पावसाळ्यात खेळवली जाते, उघड्या खेळपट्टीवर, गुडघ्याशी येणाऱ्या गवतात. तिथे फलंदाजाने वीस धावा केल्या की मैदानावरची जुनी माणसं मान डोलावतात. त्यामुळे "फॉर्म गेला" असं कांगा लीगमध्ये म्हणायचं असेल तर जपून म्हणावं लागतं. विकेटच तशी असते.

आमच्या कप्तानाचा आकडा मात्र विकेटवर ढकलण्यासारखा नव्हता. तो चार मोसम कप्तान होता, वय ३३, बँकेत नोकरी, विरारहून येणारा. त्या मोसमातल्या पहिल्या सहा डावांत त्याने ४, ०, ११, २, ७ आणि ० अशा २४ धावा केल्या. त्याच सहा सामन्यांत, त्याच विकेटवर, आमच्या चार नंबरच्या फलंदाजाने १३१ केल्या. ओल्या विकेटवर फॉर्म तपासायची मला ठाऊक असलेली एकच प्रामाणिक पद्धत आहे. त्या फलंदाजाचा मागचा मोसम बाजूला ठेवायचा आणि त्याच दिवशी, त्याच बाजूने खेळलेल्या दुसऱ्या फलंदाजाशी तुलना करायची. आमच्या स्कोअररने धावपुस्तिका उघडून आणखी एक गोष्ट दाखवली. सहापैकी पाच डावांत तो बारा चेंडूंच्या आत बाद झाला होता आणि चार वेळा पायचीत किंवा त्रिफळाचीत. पुढचा पाय आडवा पडत होता आणि चेंडू खाली राहिला की बॅट वळसा घेऊन येत होती. ही तंत्रातली चूक होती. तिचा कप्तानपदाशी संबंध नव्हता, आणि हा मुद्दा पुढे पत्रात महत्त्वाचा ठरला.

त्याहून बोलका होता फलंदाजीचा क्रम. पहिले दोन सामने तो तीन नंबरवर आला, पुढचे दोन पाच नंबरवर, मग सहा, आणि शेवटी सात. कोणी सांगितलं नव्हतं; क्रम तोच लिहायचा. तो गोलंदाजी करत नाही. सात नंबरवर खेळणारा आणि गोलंदाजी न करणारा माणूस संघात असेल तर तुम्ही दहा जणांनिशी खेळता, आणि अकरावा का आहे याचं उत्तर "तो कप्तान आहे" एवढंच उरतं. तंबूत बाहेर बसलेला एकोणीस वर्षांचा पोरगा हे गणित रोज करत होता. तो बोलत नव्हता, पण त्याच्याकडे बघून कप्तानालाही ते गणित दिसत होतं.

आणि मग तो रविवार. शनिवारी रात्रभर पाऊस पडला होता. सकाळी नऊला विकेटवर अंगठा दाबला की पाणी वर येत होतं. आभाळ भरलेलं होतं, पण पाऊस थांबला होता. नाणेफेक आम्ही जिंकली आणि कप्तानाने क्षेत्ररक्षण घेतलं. मी तंबूच्या दारात उभा होतो आणि मला ते तिथेच खटकलं. पूर्ण भिजलेली विकेट मंद असते. चेंडू थांबून येतो आणि ओला झाला की साबणासारखा होतो, स्पिनरला तो धरता येत नाही, वेगवान गोलंदाज धावताना घसरतो. अशा विकेटवर फलंदाजी सुंदर होत नाही, पण होते. खरी खोड सुरू होते ती ऊन आल्यावर, विकेट सुकायला लागली की. वरचा थर कडक होतो, आत ओल राहते, आणि मग एक चेंडू छातीवर येतो तर पुढचा घोट्यावर. भिजलेली असेल तर बॅटिंग, सुकत असेल तर बोलिंग, हे आमच्या मैदानावर शाळेतल्या पोरांनाही पाठ असतं. आमच्या कप्तानाला तर झोपेतही ठाऊक होतं.

समोरच्यांनी १४२ केल्या. आमचा डावखुरा स्पिनर प्रत्येक चेंडूआधी मूठभर भुसा घेऊन चेंडू पुसत होता आणि तरी फुलटॉस पडत होते. जेवणाच्या वेळी ऊन आलं. आम्ही ५८ धावांत संपलो. कप्तान सात नंबरवर आला, तीन चेंडू खेळला, पायचीत, शून्य.

संध्याकाळी सामान आवरताना मी विचारलं, "सकाळी फिल्डिंग का घेतलीस?" तो बराच वेळ पॅडचे पट्टे सोडत बसला. मग म्हणाला, "काका, खरं सांगू? मला सकाळी पॅड बांधायचे नव्हते."

हे वाक्य त्याने नंतर समितीसमोरही सांगितलं, म्हणून इथे लिहितोय. माझ्या मते सगळं प्रकरण त्या वाक्यात आहे. धावा न होणं ही एका फलंदाजाची अडचण असते. ती नाणेफेकीत शिरली त्या क्षणी अकरा जणांची झाली. कप्तानीच्या ओझ्याने फलंदाजी बिघडली, असं आपण नेहमी ऐकतो. इथे उलटं झालं होतं.

रात्री आलेलं पहिलं पत्र मी प्रिंट काढून ठेवलंय. बारा-तेरा ओळींचं होतं. मनापासून लिहिलेलं होतं, पण रागात. त्यातल्या चार ओळींवर आम्ही सोमवारी संध्याकाळी चर्चगेट स्टेशनसमोर चहा पीत दीड तास बोललो.

पहिली ओळ अशी: "गेले काही आठवडे तंबूत माझ्याविषयी जे बोललं जातं, ते सहन करून खेळणं मला शक्य नाही." मी त्याला किम ह्यूजची गोष्ट सांगितली. नोव्हेंबर १९८४, ब्रिस्बेन. वेस्ट इंडिजविरुद्धच्या मालिकेतल्या पहिल्या दोन कसोटी हरल्यावर ऑस्ट्रेलियाचा कप्तान राजीनाम्याचं निवेदन वाचायला पत्रकारांसमोर बसला. निवेदनात माजी खेळाडू आणि वृत्तपत्रांकडून सतत होणाऱ्या टीकेचा उल्लेख होता. वाचता वाचता त्याला रडू आलं, तो उठून गेला आणि उरलेला मजकूर व्यवस्थापकाने वाचून पूर्ण केला. लोकांना ते रडणं लक्षात राहिलं. मला वेगळीच गोष्ट लक्षात राहिली आहे: ह्यूज संघ सोडून गेला नाही. तो ॲलन बॉर्डरच्या हाताखाली पुढच्या दोन कसोटी खेळला आणि त्याने ०, २, ० आणि ० धावा केल्या. त्यानंतर तो पुन्हा कसोटी खेळला नाही. त्याच्या मनात काय चाललं होतं ते मी सांगू शकत नाही. पण जाताना इतरांचा हिशेब मांडला की दुसऱ्या दिवशी त्याच इतरांमध्ये जाऊन बसावं लागतं. "तू क्लब सोडणार असतास तर ही ओळ ठेव म्हणालो असतो," मी त्याला सांगितलं. "तू रविवारी त्याच तंबूत बूट बांधणार आहेस." ओळ गेली.

दुसरी ओळ होती: "कप्तानीचं दडपण उतरल्यावर माझी फलंदाजी पूर्ववत होईल, अशी खात्री आहे." ही ओळ वाचायला निरुपद्रवी वाटते आणि सगळे कप्तान ती लिहितात. इथे मी बोथमचा दाखला दिला, आणि तो दाखला तिच्या बाजूचा आहे हे मला माहीत होतं. १९८१ च्या ॲशेस मालिकेत इयान बोथमला एकेका सामन्यापुरतं कप्तान नेमत होते. लॉर्ड्सला दोन्ही डावांत शून्य झालं आणि त्याने पद सोडलं. कप्तान म्हणून बारा कसोटींत एकही विजय नव्हता आणि फलंदाजीची सरासरी तेराच्या आसपास घसरली होती. माईक ब्रिअर्ली परत कप्तान झाला. पुढची कसोटी हेडिंग्लेला, आणि बोथमने तिथे ९५ धावांत ६ बळी, ५० आणि नाबाद १४९ अशी कामगिरी केली. फॉलोऑननंतर इंग्लंड १८ धावांनी जिंकलं.

"मग?" तो म्हणाला. "ओझं उतरलं आणि तो खेळला."

"खेळला. पण आधी लिहून दिलं नव्हतं की खेळेन म्हणून."

पत्रात फॉर्म परत येण्याची हमी दिली की पुढचा प्रत्येक डाव त्या हमीचा हप्ता होतो. आणि त्याच्या बाबतीत हमी देण्यासारखं कारणही नव्हतं. आडवा पडणारा पाय कप्तान नसतानाही आडवाच पडणार होता. एक गोष्ट मात्र मी मान्य केली. कांगा लीगमध्ये कप्तानाची सकाळ संपतेच कशी ते मला माहीत आहे. साडेआठला पोहोचायचं, माळ्याबरोबर विकेट बघायची, न आलेल्यांना फोन करायचे, कारण पश्चिम रेल्वे पावसात उशिरा असते, अकरा नावं लिहून नाणेफेकीआधी पंचांना द्यायची. चार मोसमांत मी त्याला सामन्याआधी वीस मिनिटं थ्रोडाउन, म्हणजे जवळून हाताने टाकलेले सरावाचे चेंडू, घेताना पाहिलं नव्हतं. कप्तानी गेली तर ती वीस मिनिटं मिळणार होती. पण त्यासाठी पत्रात ओळ कशाला? मिनिटं मिळाली की ती वापरायची.

तिसरी ओळ त्याने फार प्रेमाने लिहिली होती: "नव्या कप्तानाला मी मैदानावर सतत मार्गदर्शन करत राहीन." ही सगळ्यांत धोकादायक. आमचा उपकप्तान म्हणजे यष्टीरक्षक, २६ वर्षांचा, याला दादा म्हणणारा. न मागितलेलं मार्गदर्शन लेखी जाहीर झालं की संघात दोन कप्तान होतात आणि गोलंदाज सोयीचा निवडतो. "विचारल्यास सांगेन" असा बदल केला. एका शब्दाचा फरक, पण त्या शब्दाने चावी दुसऱ्याच्या हातात जाते.

चौथी ओळ: "मी तीन नंबरवर फलंदाज म्हणून खेळत राहीन." इथे तो अडला. म्हणाला, "मी पद सोडतोय, तर जागा तरी मागू नको का?" हा प्रश्न खरा होता आणि त्याचं उत्तर कडू होतं. कप्तानपद समितीने दिलं होतं, ते परत करणं त्याच्या हातात होतं. अकरातली जागा त्याच्या मालकीची नव्हतीच, त्यामुळे ती राखून ठेवणंही त्याच्या हातात नव्हतं. पद सोडून खेळाडू म्हणून राहतो, याचा अर्थ निवडीसाठी उपलब्ध आहे, एवढाच होऊ शकतो. त्यात संघाबाहेर बसणं येतं. २४ धावांवर तर नक्कीच येतं. अजिंक्य रहाणेने ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबईचं कप्तानपद सोडून खेळाडू म्हणून राहायचं ठरवलं, तेव्हा मोसम सुरू व्हायचा होता आणि नवा नेता घडवायची हीच वेळ आहे असं त्याने सांगितलं. ती वेळ निवडण्याची सोय त्याला होती. आमच्या माणसाची वेळ त्याने निवडली नव्हती, त्याच्यावर आली होती. त्यामुळे अटी घालायला जागा नव्हती.

एक गोष्ट पहिल्या पत्रात नव्हतीच आणि ती मलाही मंगळवारी सुचली. आमच्या घटनेप्रमाणे कप्तान हा पदसिद्ध निवड समितीवर असतो. राजीनाम्यात फक्त कप्तानपद लिहिलं असतं तर हा शनिवारी संध्याकाळी स्वतःच्याच निवडीच्या बैठकीला येऊन बसला असता आणि त्याला उठ म्हणायला कोणी धजलं नसतं. लहान क्लबांत असे घोळ वाईट हेतूने होत नाहीत. कोणी घटना वाचलेली नसते म्हणून होतात.

तारखेवरही थोडं बोलावं लागलं. त्याला राजीनामा "तात्काळ" हवा होता. समितीतले एक ज्येष्ठ सदस्य म्हणत होते, तीनच सामने राहिलेत, मोसम संपल्यावर दे. पण जाणार हे ठरलेल्या कप्तानाचा शब्द तीन रविवार कोण ऐकणार? आणि तात्काळ म्हणजे गुरुवारच्या सभेआधी, म्हणजे क्लब तीन दिवस कप्तानाविना. शेवटी ठरलं: सभेत स्वीकृती, त्याच सभेत नव्या कप्तानाची नेमणूक, शनिवारची निवड नव्या कप्तानाबरोबर. त्याआधी त्याने फक्त उपकप्तानाला स्वतः भेटून सांगायचं. तो बुधवारी दादरला जाऊन त्याला भेटला. ग्रुपवर बातमी गुरुवारी रात्री मी टाकली, चिटणीस म्हणून, दोन ओळींत.

बुधवारी रात्री आलेलं पत्र हे असं:

"प्रति,
मा. चिटणीस यांस,

विषय: कप्तानपदाचा राजीनामा व खेळाडू म्हणून उपलब्धता.

महोदय,

व्यवस्थापन समितीने चार मोसमांपूर्वी माझ्याकडे सोपवलेल्या कप्तानपदाचा मी राजीनामा देत आहे. गुरुवारच्या सभेत तो स्वीकारावा आणि येत्या रविवारच्या सामन्यापासून लागू करावा, ही विनंती. कप्तान या नात्याने निवड समितीवर असलेले माझे सदस्यत्वही त्याच वेळी संपेल.

या मोसमात सहा डावांत मी २४ धावा केल्या आहेत. त्याचा परिणाम माझ्या निर्णयांवर होऊ लागला आहे. गेल्या रविवारी नाणेफेक जिंकून क्षेत्ररक्षण घेण्याचा निर्णय चुकीचा होता. तो मी संघाचा विचार करून घेतला नव्हता. त्याची जबाबदारी माझी आहे.

उरलेल्या तिन्ही सामन्यांसाठी मी खेळाडू म्हणून उपलब्ध आहे. निवड समिती ज्या क्रमांकावर खेळवेल तेथे खेळेन. अकरा जणांत नसलो तरी मैदानावर हजर राहीन.

नवा कप्तान समिती ठरवेल. त्याने विचारल्यास मला माहीत असलेले सर्व त्याला सांगेन. किट, नेटच्या पैशांचा हिशेब आणि खेळाडूंची यादी शनिवारपर्यंत आपल्याकडे देईन.

आपला"

खाली सही. "तो मी संघाचा विचार करून घेतला नव्हता" हे वाक्य माझं नाही. मी ते काढ म्हणालो होतो, इतकं उघडं लिहायची गरज नाही असं मला वाटलं. त्याने ठेवलं. समितीत पत्र वाचलं गेलं तेव्हा त्या वाक्यानंतर कोणी काही विचारलं नाही, आणि मला वाटतं त्याचं बरोबर होतं. कारण सांगायचं तर खरं सांगावं लागतं, नाहीतर लोक आपापलं कारण शोधतात. "वैयक्तिक कारणास्तव" असं लिहिलं असतं तर आठवडाभर तंबूत अंदाज चालले असते.

त्या ज्येष्ठ सदस्यांनी एक ठराव सुचवला, की चार मोसमांच्या सेवेबद्दल चालू मोसमात त्याचं संघातलं स्थान कायम राहील. हेतू चांगला होता. मी विरोध केला आणि त्यावर आमचं जरा जोरात झालं. असा ठराव झाला असता तर नव्या कप्तानाला पहिल्याच दिवशी दहा खेळाडू निवडायला मिळाले असते. शेवटी आभाराचा ठराव झाला, आणि उत्तरादाखल मी त्याला तीन ओळींचं पत्र दिलं: राजीनामा स्वीकारला, अमुक तारखेपासून लागू, खेळाडू म्हणून उपलब्धतेची नोंद घेतली. "नोंद घेतली" एवढंच. हे स्वीकृतीचं पत्र देणं बरेच क्लब विसरतात. मग राजीनामा हवेत राहतो आणि पुढच्या विजयानंतर कोणीतरी "अरे, घे मागे" म्हणतं.

शुक्रवारी नव्या कप्तानाचा, म्हणजे त्या यष्टीरक्षक उपकप्तानाचा, मला फोन आला. "काका, दादा संघात असताना मी फिल्डिंग कशी लावू? बोलर त्याच्याकडेच बघणार." तो घाबरला होता, आणि त्याची भीती अगदी रास्त होती. आम्ही एक साधा उपाय केला. दादा चार मोसम पहिल्या स्लिपमध्ये उभा राहायचा, म्हणजे कीपरच्या शेजारी. तिथून तो ओठ न हलवताही कप्तानी करू शकला असता. रविवारी त्याला थर्ड मॅनला पाठवायचं ठरलं. हे त्याला आधी सांगितलं, कारण शिक्षा वाटायला नको होती.

तरी घोळ झालाच. सातव्या ओव्हरमध्ये त्याने सीमारेषेवरून पॉइंटच्या पोराला हाताने मागे जायची खूण केली. चार वर्षांची सवय. पोरगा मागे गेला, पुढच्याच चेंडूवर फलंदाजाने तिथे हळूच ढकलून एक धाव घेतली, आणि गोलंदाजाने दोन्ही हात पसरून आधी थर्ड मॅनकडे आणि मग कीपरकडे पाहिलं. पाण्याच्या वेळी नवा कप्तान त्याच्याजवळ गेला. काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. दादाने त्याच्या खांद्यावर थाप मारलेली दिसली. डावांच्या मध्ये मात्र तो माळ्याला "हलका रोलर घे" म्हणायला निघाला आणि अर्ध्या वाटेत थांबला. पुढच्या डावाआधी विकेट रोल करून घ्यायची की नाही, हे फलंदाजी करणाऱ्या संघाचा कप्तान सांगतो. तो परत फिरला आणि पाण्याची बाटली घेऊन बसला. पंचांपैकी एकजण प्रकाशाबद्दल विचारायला सवयीने त्याच्याकडेच आले, तेव्हा त्याने नुसतं कीपरकडे बोट केलं. दिवसभरात असं चारपाच वेळा झालं असेल. त्याने पाच नंबरवर ६ धावा केल्या. आम्ही जिंकलो, त्यात त्याचा वाटा नव्हता.

पुढच्या शनिवारी संध्याकाळी नव्या कप्तानाने त्याला स्वतः फोन केला. "दादा, उद्या तुला बसवतोय. त्या पोराला खेळवायचंय." मला हे दोघांनीही वेगवेगळं सांगितलं, आणि दोघांच्या सांगण्यात तो फोन अर्ध्या मिनिटाचा होता. पत्रातली सगळ्यांत अवघड ओळ त्या अर्ध्या मिनिटात वसूल झाली. तो "बरं" म्हणाला. रविवारी पावणेनऊला तो तंबूत हजर होता. त्याच्या जागी खेळणाऱ्या एकोणीस वर्षांच्या पोराला त्याने बाजूच्या सुक्या तुकड्यावर थ्रोडाउन टाकले. पोराने १८ केल्या. पाणी घेऊन तो तीनदा मैदानात गेला, आणि तिसऱ्या वेळी नव्या कप्तानाने त्याला थांबवून काहीतरी विचारलं. त्या आठवड्यात पहिल्यांदा विचारलं.

मधल्या दिवसांत तो दोन संध्याकाळी नेटवर एकटा येत होता. आमचे जुने कोच सर ऑफस्टंपच्या रेषेत एक पट्टी टाकायचे आणि पुढचा पाय तिला लागला की "आडवा!" असं ओरडायचे. बस, एवढंच. कोणतीही नवी गोष्ट शिकवली नाही.

शेवटच्या सामन्यात त्याला परत घेतलं. सकाळी तो सवाआठला आला, नाणेफेक होईपर्यंत थ्रोडाउन घेत होता, आणि नाणेफेकीकडे त्याचं लक्ष नव्हतं हे मला जाणवलं. विकेट पूर्ण भिजलेली होती. नव्या कप्तानाने नाणेफेक जिंकली आणि फलंदाजी घेतली. दादा पाच नंबरवर गेला, ४१ चेंडू खेळला आणि २७ धावा करून मिडऑनला झेल देऊन आला. पायचीत नाही, त्रिफळाचीत नाही. पाय सरळ येत होता की त्या दिवशी चेंडू उसळत होता म्हणून वाचला, हे एका डावावरून सांगता येत नाही, आणि आम्ही तसं कुणाला सांगितलंही नाही.

संध्याकाळी आमच्या स्कोअररने मला पुस्तिका दाखवली. तो जुन्या पद्धतीने कप्तानाच्या नावापुढे चांदणी आणि कीपरच्या नावापुढे फुली काढतो. चार वर्षं त्या खुणा दोन वेगळ्या ओळींत असायच्या. आता दोन्ही एकाच नावापुढे आल्या होत्या आणि पाचव्या ओळीत नुसतं नाव होतं. दादाने तेवढ्यात येऊन माझ्या खांद्यावरून ते पाहिलं आणि विचारलं, "काका, पुढच्या वर्षीचा नोंदणीचा फॉर्म कधी भरायचा?"